अभिनंदन! (अटी लागू)

बिल्डरचं ताबापत्र कुरिअरनं घरी पोचतं, त्याच्या दोन दिवस आधी इंटिरिअरवाल्याची मेल आलेली असते. रावेत असो, बाणेर असो की घोडबंदर रोड, हा क्रम चुकत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला स्वतःच्या घराची चावी मिळणार आहे, हे त्याला सांगणारा पहिला माणूस हा त्याच्या घरात कपाट ठोकू पाहणारा असतो. मेलमध्ये अभिनंदन असतं, गुलाबी कोचाचं चित्र असतं, ‘४.९९ लाखांपासून’ असा आकडा असतो आणि त्या आकड्याच्या खांद्यावर मुंगीएवढी एक चांदणी असते.

ती चांदणी मेलच्या तळाशी काय म्हणते ते वाचायला भिंग लागतं. ती मेल सरळ मराठीत, चांदणी न वापरता लिहिली तर कशी दिसेल, याचा एक नमुना खाली देतो. समस्त गृहसजावटकारांनी तो मोफत वापरावा. नाव टाकायची जागा रिकामी सोडली आहे.

* * *

श्री. व सौ. ______ यांना,

स. न. वि. वि.

नव्या घराबद्दल मनःपूर्वक अभिनंदन. तुमचा पत्ता आम्हाला कुठून मिळाला, असं वहिनी विचारत असतील. वहिनी, तुम्ही बुकिंगच्या दिवशी फॉर्मवर तो लिहिला होता. तो फॉर्म विक्री कार्यालयातून बँकेच्या माणसाकडे गेला, तिथून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, आणि त्या गटात ‘बी विंग, ११०४’ म्हणून जे गृहस्थ रोज सुप्रभात पाठवतात, ते आमचे मेहुणे आहेत. त्यांचा तिथे फ्लॅट नाही.

पत्र आजच का पाठवलं, तेही सांगतो. याच महिन्यापासून तुमचा पूर्ण हप्ता सुरू होतोय. समजा तो ५२ हजारांचा आहे आणि सध्याच्या घराचं भाडं २४ हजार आहे. नव्या घरात राहायला जाईपर्यंत दर महिन्याला ७६ हजार घरांवर जाणार, त्यातलं एक घर दुसऱ्याचं आणि दुसरं रिकामं. अशा अवस्थेतला माणूस कुठल्याही कागदावर सही करतो. सहा महिन्यांनी हेच पत्र पाठवलं असतं तर तुम्ही तीन ठिकाणी चौकशी केली असती, नात्यातल्या कुणाच्या घरी जाऊन कपाटं उघडून पाहिली असती. आम्ही प्लाय विकतो, सनमायका विकतो, पण खरा माल म्हणजे तुमची घाई. ती आम्ही तुमच्याकडूनच घेतो आणि तुम्हालाच परत विकतो.

आता तुमच्या बेडरूमबद्दल. आम्ही पाठवलेलं थ्रीडी चित्र तुम्ही फ्रीजवर लावलं आहे, असं ऐकतो. चित्रातली खोली ऐसपैस वाटते, कारण चित्र काढणारा कॅमेरा भिंतीच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात उभा आहे. संगणकात भिंत काढून टाकता येते. तुमच्या फ्लॅटमध्ये ती राहणार.

तुमची मास्टर बेडरूम कराराप्रमाणे १० बाय ११ फूट. दहा फुटांच्या बाजूला, एका भिंतीला पलंगाचं डोकं आणि समोरच्या भिंतीला कपाट, असं आपलं ठरलं. गादी साडेसहा फूट लांब, तिच्यामागे हेडबोर्डचे तीन-चार इंच. कपाटाची खोली दोन फूट, कारण हँगरवर टांगलेला शर्ट त्याहून कमी जागेत चुरगळतो. आता वजाबाकी करा. १२० इंचांतून गादीचे ७८ गेले, हेडबोर्डचे ३ गेले, कपाटाचे २४ गेले. उरले १५ इंच. सात फुटी कपाटाला चार दारं धरली तर एक दार २१ इंचांचं. २१ इंचांचं दार १५ इंचांच्या गल्लीत उघडत नाही, ते पलंगाला टेकतं आणि थांबतं. चित्रात दार बंद आहे, म्हणून कळलं नाही.

हे तुमच्या लक्षात आलं की आम्ही लगेच स्लायडिंगचा उपाय सुचवणार. स्लायडिंग दार बाहेर उघडत नाही, हे खरं. पण दोन दारं एकापुढे एक सरकायला रुळांची जागा लागते, त्यामुळे कपाट आणखी तीन इंच पुढे येतं. गल्ली बारा इंचांची होते. तिथून नवराबायकोनी एकाच दिशेनं, एकामागे एक जायचं. हा सगळा हिशोब एक मोजपट्टी, एक खडू आणि रिकामी फरशी एवढ्यावर चावी मिळाल्याच्या दिवशी करता येतो. पलंग आणि कपाट खडूनं जमिनीवर आखायचं आणि त्यातून चालून बघायचं. पण त्या दिवशी तुम्ही उंबऱ्याला हळद-कुंकू लावण्यात असता आणि आमचा मुलगा टॅब्लेटवर सही घ्यायला उभा असतो.

पैशांकडे येऊ. कपाटाचा दर आम्ही फुटावर लावतो. तो फूट समोरचा, म्हणजे दारांसमोर उभं राहून जेवढं दिसतं तेवढा. आमच्या धंद्यात याला फ्रंट एरिया म्हणतात. सात फूट रुंद आणि सात फूट उंच कपाटाचे झाले ४९ फूट. चौदाशेच्या दरानं ६८,६०० रुपये. मेलमधला आकडा याच टप्प्यावर थांबतो. त्यावर दोन फुटी माळा येतो, तो आम्ही वेगळा मोजतो, जणू छत आणि कपाट यांच्यामध्ये तुम्ही कबुतरं पाळणार होता. सात गुणिले दोन म्हणजे १४ फूट, दर हजार, १४,००० रुपये. स्लायडिंगचे फुटाला तीनशे जास्त, म्हणजे १४,७००. बेरीज ९७,३००. त्यावर १८ टक्के जीएसटी, १७,५१४. ६८ हजारांचं कपाट १,१४,८१४ रुपयांना उभं राहिलं आणि आम्ही एकदाही खोटं बोललो नाही. दर वर्षागणिक आणि गावागणिक बदलतील, बेरीज करण्याची रीत हीच राहील.

फ्रंट एरियाची खरी गंमत मात्र आत आहे. समोरचे ४९ फूट ४९च राहतात, मग आत चार खण असोत की एकच दांडी. मागचा तक्ता ६ मिलिमीटरचा असो की त्याहून पातळ, ४९. दोन ड्रॉवर असोत की पाच, ४९, पण तिसऱ्यापासून वेगळे पैसे. कपाट बंद असताना आमचे तुमच्याशी झालेले सगळे करार पाळलेले असतात. ते उघडू नका.

वहिनींच्या वडिलांनी पूर्वी घरी सुतार बसवून फर्निचर करून घेतलं होतं, म्हणून सांगतो. तो सुतार दारात उभा राहून म्हणायचा, ‘सायेब, सहा शीट आणा.’ तो हिशोब आजही तोच आहे. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची, ३२ फुटांची. तुमच्या कपाटाला दोन बाजू आणि आतल्या दोन उभ्या फळ्या, वर-खाली दोन, समोरची दारं आणि आतले खण असं सगळं मांडलं तर साधारण १६० फूट होतात. कापताना तुकडे वाया जातात, म्हणून सहा शीट, १९२ फूट. शिवाय मागच्या पातळ तक्त्याच्या दोन शीट. आता, तुमच्या कोटेशनमध्ये ‘प्लाय’ कुठेही लिहिलेलं नाही, ‘इंजिनिअर्ड वुड’ लिहिलं आहे. या नावात चांगला वॉटरप्रूफ प्लायही बसतो आणि भुसा गोंदात दाबून केलेला पार्टिकल बोर्डही बसतो. दोन्हींच्या दरात फुटाला समजा साठ रुपयांचा फरक धरला, तर एका कपाटामागे साडेअकरा हजार आमच्याकडे राहतात. तुमच्या घरात कपाटं तीन, शिवाय किचन ट्रॉल्या, टीव्हीचं युनिट आणि चपलांचं कपाट. आमच्या मेहुण्यांच्या सुप्रभातचा खर्च यातून निघतो.

वरून दोन्ही सारखे दिसतात, कारण दोन्हींवर तोच सनमायका. फरक कापलेल्या कडेला दिसतो. प्लायची कड पाहिली तर एकावर एक आडवे-उभे पापुद्रे दिसतात. पार्टिकल बोर्डची कड राजगिऱ्याच्या चिक्कीसारखी दिसते. म्हणूनच आम्ही माल कारखान्यातूनच कडेला पट्टी मारून पाठवतो. तरी जिज्ञासूंना एक जागा उरते. बिजागरी बसवायला आम्ही दाराला जे गोल खड्डे पाडतो, त्यांच्या आत पट्टी जात नाही. स्क्रू लावण्यापूर्वी मोबाइलचा टॉर्च मारून त्या खड्ड्यात डोकावा. ओट्याखालच्या ट्रॉल्यांबाबत तर डोकावाच. तिथे सिंकची गळती एकदा तरी होणारच, आणि भिजलेला पार्टिकल बोर्ड एकदा फुगला की वाळल्यावर परत पहिल्या मापाला येत नाही. मरीन प्लाय म्हणून पैसे घेतले असतील तर शीटवर आयएस ७१०चा छाप हवा, खाली परवाना क्रमांक हवा, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव समोर यायला हवं. यातलं काहीही आम्हाला विचारू नका. आमचा मुलगा आर्ट्सचा पदवीधर आहे, त्याला ‘वॉर्म बेज’ आणि ‘मोका’ यातला फरक तेवढा शिकवला आहे.

‘पंचेचाळीस दिवसांत गृहप्रवेश’ या वचनाकडे आता वळतो. ते खरं आहे. फक्त पंचेचाळीस मोजायला सुरुवात कधी करायची, ते आम्ही ठरवतो. करारात ‘डिझाइन फ्रीझ झाल्यापासून’ असं लिहिलं आहे. फ्रीझ म्हणजे तुमच्या घरातल्या सर्वांचं रंगावर एकमत होणं. पत्र श्रावणात आलं, दसऱ्याला वास्तुशांत करायचं ठरलं. पण आईंना देवघर पूर्वेला हवं, आणि पूर्वेला बिल्डरनं वॉशिंग मशीनचा नळ दिला आहे. यात गणपती येतात आणि जातात. अनंत चतुर्दशीला विसर्जनाहून परत आल्यावर तुम्ही दमून सही करता. तिथपासून पंचेचाळीस दिवस मोजा. पितृपक्ष, नवरात्र, दसरा, कोजागिरी, आणि थेट लक्ष्मीपूजन. दसऱ्याची वास्तुशांत मधेच कुठेतरी राहिली.

त्यातही सोसायटी रविवारी ठोकाठोक करू देत नाही, दुपारी दोन ते चार करू देत नाही, आणि सामानाच्या लिफ्टला बाराव्या मजल्यावरच्या पीओपीवाल्यांनी आधीच नंबर लावला आहे. एवढ्यात दिवाळी येते. आमचे अर्धे मिस्त्री राजस्थानचे, ते धनत्रयोदशीच्या आधीच्या गाडीनं जातात. उरलेले पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारचे, त्यांना दिवाळीनंतर सहा दिवसांनी छठ असते. ती करून, शेताची कामं बघून, गाडीचं तिकीट मिळालं की ते येतात. या सगळ्यांनी वर्षभर दुसऱ्यांची घरं उभी केलेली असतात, त्यांनी एकदा स्वतःच्या घरी जाऊ नये असं कुणीच म्हणणार नाही. फक्त पंचेचाळीस दिवसांची जाहिरात लिहिताना हे पंचांग आमच्यासमोरच टांगलेलं होतं, एवढं नमूद करतो.

उशीर झाला तर तुम्ही काय कराल? याचंही उत्तर आम्ही पैशांच्या टप्प्यांत देऊन ठेवलं आहे. आठ लाखांच्या कामात बुकिंगला १० टक्के, फ्रीझला ५० टक्के, माल कारखान्यातून निघण्याआधी ३५ टक्के, आणि काम पूर्ण झाल्यावर ५ टक्के. म्हणजे तुमच्या घरात पहिला स्क्रू फिरतो तेव्हा ७ लाख ६० हजार आमच्याकडे असतात आणि ४० हजार तुमच्याकडे. ट्रॉली अडकते, एक दार दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली आहे, सनमायक्याला ओरखडा आहे, असा फोन तुम्ही करता तेव्हा तुमच्या आवाजात ४० हजारांचा जोर असतो. शेवटचा टप्पा २० टक्क्यांचा करा, अशी विनंती काही ग्राहक सही करण्याआधी करतात. अशा ग्राहकांशी आम्ही तेव्हाच तोडतो. आमचा मुलगा त्यांना ‘नॉन-सिरिअस’ या यादीत टाकतो.

शेवटी, जे सांगणं आमच्या धंद्याच्या अगदीच विरुद्ध आहे, ते. तुम्हाला बिल्डर आता जी चावी देणार आहे, ती ‘फिट-आउट’साठी आहे. कागद नीट वाचा. भोगवटा प्रमाणपत्र अजून आलेलं नाही. म्हणजे तुम्हाला आमची कपाटं आत ठेवता येतील, कायद्यानं तुम्हाला स्वतःला आत राहता येणार नाही. ही सोय बिल्डरला फार मानवते. त्याचा शेवटचा हप्ता वसूल होतो, आणि तुम्ही आठ लाखांचं फर्निचर आत ठोकल्यावर प्रमाणपत्रासाठी त्याच्याशी भांडायची तुमची हिंमत अर्धी होते. सामान आत आणि माणसं बाहेर, अशा अवस्थेत काही कुटुंबं महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्याकडून आम्हाला चांगला धंदा मिळतो, कारण कंटाळून ती सगळी बाल्कनीत कृत्रिम हिरवळ लावून घेतात.

रेरा कायद्यानं ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचे आहेत, तक्रार केल्यापासून तीस दिवसांत. हे ऐकून आमच्यापेक्षा बिल्डर जास्त खूश होतो, कारण बाथरूमच्या भिंतीत आम्ही एकदा छिन्नी मारली की गळतीचं खापर आमच्या डोक्यावर फोडायची त्याला सोय होते. ‘आमचं वॉटरप्रूफिंग चोख होतं, तुमच्या इंटिरिअरवाल्यानं फोडलं.’ आम्ही म्हणतो, आधीपासूनच गळत होतं. तुमच्याकडे दोघांपैकी कुणालाही खोटं ठरवायला काही नसतं. ते असायचं तर आम्हाला आत घेण्याआधी बाथरूमची जाळी बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवायचं, खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं, ओल दिसली तर तारखेसकट फोटो काढून बिल्डरला लेखी कळवायचं. शक्य असेल तर बाहेरच्या भिंतींनी एक पावसाळा काढू द्यायचा, मग त्यांना कपाट लावायचं. भिंत रडली तर कपाटाच्या मागून रडते, आणि साड्यांना बुरशी लागल्यावरच कळतं.

पीओपीचं छत करायच्या आधीही असंच. वरच्या घराची पाइपलाइन तुमच्या बाथरूमच्या छतातून जात असेल तर त्याखाली उघडता येणारी एक खिडकी ठेवायला सांगा. आम्ही ती स्वतःहून ठेवत नाही, कारण चित्रात ती वाईट दिसते. आणि तुमची इमारत मिवानची असेल, म्हणजे विटा न लावता सगळ्या भिंती काँक्रीटच्या ओतलेल्या असतील, तर टीव्हीची वायर लपवण्यासाठी भिंतीत खाच मारायला आम्हाला सांगू नका. आम्ही मारू. त्या भिंतीवर वरचे चौदा मजले उभे आहेत, हे आमच्या मुलाला माहीत नाही.

हे सगळं वाचून तुम्ही बिचकू नये. काम आम्ही चांगलंही करतो, ग्राहक उभा राहून बघत असला तर फारच चांगलं करतो. तुमच्या होकाराची वाट बघतो आहोत.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
______

ता. क. : सोबतचं कोटेशन रविवारी रात्री बारा वाजेपर्यंतच वैध आहे. त्यानंतर सोमवारी सकाळी आम्ही नवीन कोटेशन पाठवू. त्यात फक्त तारीख वेगळी असेल.